टक्के कशाचे? तक्ता आणि स्तंभालेख वाचताना

तक्ता किंवा स्तंभालेख द्यायचा आणि त्याखाली पाच-सहा प्रश्न विचारायचे, ही पद्धत आता शाळेपासून बँकेच्या आणि एमपीएससीच्या परीक्षेपर्यंत सगळीकडे आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत सहावीला स्तंभालेख येतो, सातवीला जोडस्तंभालेख, आठवीला विभाजित आणि शतमान स्तंभालेख. आगाशीतल्या या वयाच्या मुलांच्या वह्या पाहताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. बेरीज, वजाबाकी, भागाकार सगळं बरोबर असतं आणि तरी उत्तर चुकलेलं असतं. एक तर आकडा भलत्याच रकान्यातून उचललेला असतो, नाहीतर ज्याने भागायचं तो आकडाच दुसरा घेतलेला असतो. म्हणजे गणित येतं, वाचन राहून जातं.

त्यासाठी एकच तक्ता घेऊ आणि शेवटपर्यंत तोच धरून ठेवू. तो आपल्याच भागाचा आहे, जनगणनेतला आहे, आणि त्यात शिकण्यासारखं बरंच दडलेलं आहे.

जिल्हावार लोकसंख्या (आकडे लाखांत)

| जिल्हा | 2001 | 2011 |
|---|---|---|
| ठाणे | 81.3 | 110.6 |
| मुंबई उपनगर | 86.4 | 93.6 |
| मुंबई शहर | 33.4 | 30.9 |
| रायगड | 22.1 | 26.3 |

टीप : ठाणे जिल्ह्याचे आकडे 2014 च्या विभाजनापूर्वीच्या हद्दीनुसार.

प्रश्नांकडे वळण्याआधी अर्धा मिनिट या तक्त्यालाच द्या. मथळा सांगतो की मोजलं काय आहे. कंसातले शब्द सांगतात की एकक कोणतं आहे. रकान्यांची डोकी सांगतात की वर्षं कोणती आणि त्यांमध्ये अंतर किती आहे. तळाची टीप बारीक अक्षरात असते म्हणून मुलं ती सोडून देतात. या तक्त्यात मात्र सगळ्यात मोठा खड्डा तिथेच आहे. तिच्याकडे शेवटी येऊ. एककाची चूक साधी दिसते, पण पर्यायी उत्तरं देणारा ती धरूनच पर्याय रचतो. चारही जिल्ह्यांची 2011 ची बेरीज 261.4 येते. खालच्या पर्यायांत 261.4 लाख नसतो, 26.14 लाख, 2.614 कोटी, 26.14 कोटी असे आकडे असतात. शंभर लाखांचा एक कोटी, हे त्या क्षणी आठवलं तर उत्तर 2.614 कोटी.

पहिला प्रश्न बहुधा सरळ असतो : 2001 मध्ये सर्वांत जास्त लोकसंख्या कोणत्या जिल्ह्याची? इथेही घाई करणारे ‘ठाणे’ लिहितात, कारण तक्त्यातला सर्वांत मोठा आकडा 110.6 त्यांच्या डोळ्यांत बसलेला असतो. तो 2011 च्या रकान्यातला आहे. 2001 मध्ये मुंबई उपनगर पुढे होतं. पट्टी किंवा कागदाची कड घेऊन नको असलेला रकाना झाका आणि मग पाहा. सवय झाली की पट्टी लागत नाही, पण सुरुवातीला लाजू नका. मोठ्या तक्त्यात चांगल्या चांगल्यांची ओळ घसरते.

खरी परीक्षा टक्क्यांपाशी सुरू होते. ‘2001 ते 2011 या काळात ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या किती टक्क्यांनी वाढली?’ वाढ 110.6 वजा 81.3, म्हणजे 29.3 लाख. आता 29.3 ला कशाने भागायचं? वाढ जिथून सुरू झाली त्या आकड्याने, म्हणजे 81.3 ने. उत्तर सुमारे 36 टक्के. 110.6 ने भागलं तर 26.5 येतं, आणि हा आकडाही पर्यायांत असतो. भागाकार लांबवायचा नसेल तर असं करा : 81.3 चे 10 टक्के म्हणजे 8.13, तर 30 टक्के 24.4. आणखी 5 टक्के म्हणजे 4 आणि थोडं, एकूण 28.5. उरले 0.8, तो जवळजवळ 1 टक्का. झाले 36. परीक्षेत बहुतेक वेळा एवढं पुरतं.

आता त्याच ठाण्यावर तीन वेगळे प्रश्न पाहा. किती टक्क्यांनी वाढली, हा एक झाला. दुसरा असा : 2001 मध्ये चार जिल्ह्यांच्या एकूण लोकसंख्येपैकी किती टक्के लोक ठाण्यात होते? 2001 ची बेरीज 223.2 लाख. 81.3 ला 223.2 ने भागलं की 36.4 टक्के येतात. तिसरा : चार जिल्ह्यांत मिळून जी वाढ झाली, तिच्यापैकी किती टक्के एकट्या ठाण्यात झाली? एकूण वाढ 261.4 वजा 223.2, म्हणजे 38.2 लाख. ठाण्याची 29.3. उत्तर सुमारे 76.7 टक्के. पहिल्या दोन उत्तरांत 36 जवळजवळ सारखं आलं, हा निव्वळ योगायोग आहे. पण अशा योगायोगामुळेच मुलांना वाटतं की दोन्ही प्रश्न एकच आहेत. पहिला भागाकार 81.3 ने झाला, दुसरा 223.2 ने, तिसरा 38.2 ने.

छेदात काय घ्यायचं हे प्रश्नाची मराठीच सांगत असते, फक्त तिकडे लक्ष हवं. ‘पैकी’, ‘पेक्षा’ आणि ‘-च्या किती टक्के’ हे शब्द ज्याला लागलेले असतात, तो आकडा खाली येतो. ‘एकूण लोकसंख्येपैकी’ म्हटलं की एकूण लोकसंख्या छेदात. ‘2001 मध्ये ठाण्याची लोकसंख्या मुंबई उपनगरापेक्षा किती टक्क्यांनी कमी होती?’ यात ‘पेक्षा’ उपनगराला लागला आहे. फरक 5.1 लाख, भागायचं 86.4 ने, उत्तर 5.9 टक्के. तोच प्रश्न उलटा विचारला, ‘उपनगराची लोकसंख्या ठाण्यापेक्षा किती टक्क्यांनी जास्त होती’, तर फरक तोच 5.1, पण भागायचं 81.3 ने आणि उत्तर 6.3. एकजण दुसऱ्यापेक्षा जितके टक्के कमी, तितकेच टक्के दुसरा पहिल्यापेक्षा जास्त, असं होत नाही. मुलांना हे पहिल्यांदा पटत नाही. दोन्ही भागाकार त्यांच्या हातून करून घेतले की पटतं, म्हणून मी तोंडी समजावण्यात वेळ घालवत नाही.

‘-च्या किती टक्के’ आणि ‘किती टक्क्यांनी’ यांतला फरकही इथेच पाहून घ्या. ठाण्याची 2011 ची लोकसंख्या 2001 च्या लोकसंख्येच्या 136 टक्के आहे. ती वाढली 36 टक्क्यांनी. पटीत विचारलं तर 1.36 पट. तिन्ही उत्तरं एकाच भागाकारातून निघतात आणि तिन्ही पर्यायांत शेजारी-शेजारी बसलेली असतात. प्रश्नातल्या त्या एका शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारा, मगच आकड्यांना हात लावा.

‘चारही जिल्ह्यांची मिळून लोकसंख्या किती टक्क्यांनी वाढली?’ या प्रश्नात हुशार मुलं अडकतात. चार जिल्ह्यांचे टक्के त्यांनी आधीच्या प्रश्नांसाठी काढून ठेवलेले असतात : ठाणे 36.0, उपनगर 8.3, मुंबई शहर उणे 7.5, रायगड 19.0. मग ती या चौघांची सरासरी काढतात आणि 14 लिहितात. बरोबर उत्तर आहे 38.2 भागिले 223.2, म्हणजे 17.1 टक्के. सरासरीत रायगडचे 22 लाख आणि ठाण्याचे 81 लाख यांना सारखंच वजन मिळालं, म्हणून ती खाली घसरली. वेगवेगळ्या आकाराच्या गटांच्या टक्क्यांची अशी सरासरी काढायची नसते. मूळ आकड्यांकडे परत जाऊन बेरजेवरच टक्के काढायचे.

इथे एक छोटी सूचना. जनगणनेच्या पूर्ण आकड्यांवरून रायगडची वाढ 19.3 टक्के आणि मुंबई शहराची घट 7.6 टक्के निघते. आपल्या तक्त्यातून 19.0 आणि 7.5 आली, कारण आकडे लाखांत आणि एका दशांश स्थळापर्यंत आणलेले आहेत. लहान आकड्यांवर ही छाटणी जास्त जाणवते. वर्कशीट सोडवताना बाहेरचा ‘खरा’ आकडा वापरायचा नाही. दिलेल्या तक्त्यातून जे निघतं तेच उत्तर. आणि दोन पर्याय एकमेकांना खेटून असतील, तरच दशांशापर्यंत नीट भागाकार करायचा.

आता हाच तक्ता जोडस्तंभालेखात घालू. आडव्या अक्षावर चार जिल्हे, प्रत्येकाचे दोन स्तंभ, उभ्या अक्षावर लोकसंख्या, प्रमाण 1 सेमी = 20 लाख. आलेखकागदाच्या एका सेंटिमीटरात दहा बारीक घरं असतात, म्हणजे एक बारीक घर 2 लाखांचं. स्तंभ वाचण्याआधी हे घराचं मोल काढून कोपऱ्यात लिहून ठेवा, कारण बहुतेक चुका इथूनच निघतात. ‘दोन आकड्यांमध्ये एक घर म्हणजे एक’ असं गृहीत धरून मुलं मोजत सुटतात. स्तंभाच्या माथ्यावर पट्टी आडवी धरून उभ्या अक्षापर्यंत न्या. पट्टी पायाच्या रेघेला समांतर राहिली आहे ना, हेही पाहा.

सूचीत 2001 ची छटा कोणती आणि 2011 ची कोणती ते दिलेलं असतं. झेरॉक्स काढलेल्या कागदावर दोन्ही छटा सारख्याच काळ्या येतात, तेव्हा जोडीतला क्रम उपयोगी पडतो : पहिल्या जोडीत डावा स्तंभ ज्या वर्षाचा, सगळ्या जोड्यांत डावा त्याच वर्षाचा. ‘उंच स्तंभ म्हणजे नंतरचं वर्ष’ असा अंदाज मात्र करू नका. मुंबई शहराच्या जोडीत उंच स्तंभ 2001 चा आहे.

आलेखाला स्वतःची मर्यादा असते, आणि ती मुंबई शहराच्या जोडीत स्पष्ट दिसते. 33.4 आणि 30.9 यांत फरक अडीच लाखांचा, म्हणजे आपल्या प्रमाणात सव्वा मिलिमीटरचा. एकाने ते स्तंभ 33 आणि 31 असे वाचले तर घट 6 टक्के निघेल. दुसऱ्याने 34 आणि 30 वाचले तर जवळजवळ 12 टक्के. दोघांनीही वाचताना एखाद्या लाखाचीच चूक केली आहे, अर्ध्या घराची. उत्तर मात्र दुपटीने बदललं. दोन जवळजवळच्या आकड्यांची वजाबाकी आलेखावरून केली की वाचनातली बारीक चूक अशी फुगते. ठाण्याच्या जोडीत तेवढ्याच चुकीने उत्तर फार हलत नाही, कारण तिथे फरकच 29 लाखांचा आहे. म्हणून स्तंभावर आकडा छापलेला असेल तर तोच घ्या. नसेल तर आधी पर्याय पाहा आणि आपलं वाचन ज्याच्या जवळ जातं तो निवडा. पालकांनी घरी स्वतः वर्कशीट तयार करताना एवढी काळजी घ्यावी : असा बारीक फरक विचारायचा असेल तर आलेखाऐवजी तक्ता द्यावा.

उभा अक्ष शून्यापासून सुरू होतो का, हेही पाहावं लागतं. समजा, 2001 च्या ठाणे आणि उपनगर या दोनच स्तंभांचा आलेख काढला आणि अक्ष 80 लाखांपासून सुरू केला. ठाण्याचा स्तंभ 1.3 लाखांइतका उंच दिसेल आणि उपनगराचा 6.4 लाखांइतका, जवळजवळ पाचपट. प्रत्यक्षात उपनगर ठाण्याच्या फक्त 1.06 पट होतं. अक्षाच्या तळाशी छोटी नागमोडी खूण असेल, किंवा पहिलाच आकडा शून्य नसेल, तर उंचींची तुलना डोळ्यांनी करायची नाही. फरक अशा आलेखावरूनही बरोबर मिळतो. ‘किती पट’ मात्र अक्षावरचे आकडे वाचूनच काढावं लागतं.

डोळ्यांना फसवणारा आणखी एक प्रकार, ज्यात आलेख अगदी बरोबर काढलेला असतो. ठाणे जिल्ह्याची 1991 ची लोकसंख्या 52.5 लाख होती. 1991, 2001, 2011 असे तीन स्तंभ शेजारी-शेजारी काढा : 52.5, 81.3, 110.6. पहिली पायरी 28.8 लाखांची, दुसरी 29.3 लाखांची. आलेखावर दोन्ही पायऱ्या सारख्याच दिसतात. ‘कोणत्या दशकात लोकसंख्येत जास्त भर पडली?’ उत्तर 2001–2011, अगदी थोड्याने. ‘कोणत्या दशकात वाढीचा दर जास्त होता?’ उत्तर 1991–2001, आणि तेही कितीतरी जास्त : 54.9 टक्के विरुद्ध 36.0. पहिल्या दशकात ती भर 52.5 लाखांवर पडली, दुसऱ्या दशकात 81.3 लाखांवर. स्तंभालेखात पायरीची उंची भर दाखवते. दर हवा असेल तर पायरीला तिच्या आधीच्या स्तंभाने भागावं लागतं. नालासोपारा-विरारकडे लोंढा कधी वाढला यावर आपल्याकडे मोठ्या माणसांच्याही गप्पा होतात, आणि तिथेही हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळलेले असतात.

काही प्रश्नांचं उत्तर ‘दिलेल्या माहितीवरून सांगता येत नाही’ असंच असतं, आणि ते लिहायला मुलं घाबरतात. ‘मुंबई शहरातून कमी झालेले लोक ठाणे जिल्ह्यात राहायला गेले.’ हे विधान ऐकायला पटतं. आपल्या आसपास गिरगावातून किंवा परळमधून आलेली कुटुंबं असतातच. पण तक्त्यात फक्त दोन वर्षांची शिरगणती आहे. जन्म, मृत्यू, कोण कुठून कुठे गेलं, यातलं काहीही त्यात नाही. ‘2006 मध्ये उपनगराची लोकसंख्या 90 लाख होती’ हेही तसंच. दहा वर्षांत वाढ समान झाली असेल हे आपण आपल्या मनाचं घातलं. अशा विधानापाशी एकच विचारा : हे कोणत्या ओळीतून आणि कोणत्या रकान्यातून आलं? बोट ठेवता आलं नाही, तर सांगता येत नाही.

उरली ती तळाची टीप. आगाशीच्या मुलाला या तक्त्यात आपलं गाव शोधायला सांगितलं तर तो म्हणतो, ‘आपला पालघर जिल्हा यात नाहीच.’ जिल्हा नाही, पण लोक आहेत. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 ला झाला. 2011 च्या जनगणनेत वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा, विक्रमगड हे आठही तालुके ठाणे जिल्ह्यात होते, म्हणून आगाशी त्या 110.6 लाखांत आहे. पुढे 2011 चेच आकडे नव्या हद्दींप्रमाणे वेगळे केले, तेव्हा पालघरचे 29.9 लाख निघाले आणि ठाण्यात 80.7 लाख उरले.

आता एखाद्या वर्कशीटमध्ये, किंवा घाईत जुळवलेल्या प्रकल्पात, 2001 चा रकाना जुन्या पुस्तकातून आणि 2011 चा नव्या तक्त्यातून घेतला तर काय होईल? ठाणे : 81.3 आणि 80.7. म्हणजे दहा वर्षांत लोकसंख्या 0.6 लाखांनी घटली! वजाबाकी बरोबर, भागाकार बरोबर, आणि निष्कर्ष पूर्ण खोटा. त्या दहा वर्षांत तिथे 29 लाख माणसं वाढली होती. ही चूक ओळखायची कशी? शेजारच्या ओळी झपाट्याने वाढत असताना एखादीच ओळ थांबली किंवा उलटी फिरली, तर आधी टीप वाचा, मग हद्द, व्याख्या किंवा एकक मध्येच बदललं आहे का ते पाहा. मुंबई शहराची ओळही उलटी फिरली आहे, पण तिची हद्द दोन्ही वर्षी तीच होती. ती घट खरीच आहे. संशय घ्यायचा तो तपासण्यासाठी, आकडा टाकून देण्यासाठी नाही.

आणि ‘पालघर जिल्ह्याची 2001 ते 2011 मधली वाढ किती टक्के?’ हा प्रश्न या तक्त्याखाली आला, तर उत्तर सांगता येत नाही. टीप माहीत असली तरी नाही, 29.9 हा आकडा पाठ असला तरी नाही, कारण छेदात लागणारा 2001 चा आकडा इथे दिलेलाच नाही. तो हवा असेल तर 2001 च्या जनगणनेचा तालुकावार तक्ता घ्यायचा, वरच्या आठ तालुक्यांच्या ओळी शोधायच्या, त्यांची बेरीज करायची, आणि मग 29.9 मधून ती वजा करून तिनेच भागायचं.